सांडलं पाच हजार लिटर, उपसलं दहा हजार

मागच्या आठवड्यात आमच्या गिरणाकाठच्या भागात जे झालं त्यावर दोन्ही बाजूंनी बरंच लिहून झालंय. सरकी तेलाच्या रिफायनरीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राची, म्हणजे ईटीपीची, टाकी रात्री भरून वाहिली आणि ते पाणी शेजारच्या नाल्यात गेलं. कारखान्याने अधिकाऱ्यांना दिलेल्या पत्रात लिहिलं, ‘अंदाजे ५,००० लिटर’. गावच्या ग्रुपवर फिरलं, ‘लाखो लिटर विष’. दोन्ही आकडे चुकीचे आहेत, आणि कारखान्याचा का चुकीचा आहे हे कळायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. त्याच दिवशी दुपारपर्यंत कारखान्यानेच नाल्यातून ट्रॅक्टरच्या टँकरने दोन खेपा पाणी उचलून परत टाकीत नेलं. एक टँकर पाच हजारांचा. मे महिन्यात कारखान्याच्या वरच्या अंगाला नाल्यात थेंब नव्हता, म्हणजे उचललं ते सगळं त्यांचंच पाणी. पाच हजार सांडलं तर दहा हजार उपसलं कुठून?

कारखान्याचं नाव लिहिणार नाही. कमेंटमध्ये कोणी लिहिलं तर काढून टाकीन. गावातली पंचवीस-तीस घरं तिथे कामाला आहेत, आणि मॅनेजरने त्या दिवशी रजिस्टर लपवलं नाही, समोर ठेवलं. मी स्वतः बरीच वर्षं एमआयडीसीत ईटीपी चालवले आहेत. म्हणून सरपंचांनी सोबत नेलं. पुढचं सगळं त्या रजिस्टरवरून आणि डोळ्यांनी पाहिलेल्या खुणांवरून लिहितोय.

आधी ही टाकी काय असते ते सांगतो, कारण ग्रुपवर तिला कोणी ‘केमिकलची टाकी’ म्हणतंय, कोणी ‘गटाराची’. तेल शुद्ध करताना कच्च्या तेलातली आम्लं कॉस्टिकने साबण करून काढतात, मग तेल गरम पाण्याने धुतात. त्या साबणाच्या गाळात, ज्याला सोपस्टॉक म्हणतात, गंधकाचं आम्ल घालून त्यातलं तेल पुन्हा मिळवतात. त्याचं उरलेलं पाणी चांगलंच आंबट असतं. धुण्याचं पाणी, हे आंबट पाणी आणि फरशी धुतलेलं पाणी असं सगळं वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ताकदीचं येतं. ते एकत्र येऊन सारखं व्हावं म्हणून पहिल्यांदा एका मोठ्या टाकीत घेतात. तिला इक्वलायझेशन टाकी म्हणतात. तिच्यातून पंपाने ठराविक गतीने पाणी पुढे प्रक्रियेला जातं. म्हणजे ही टाकी वाहिली की जे बाहेर पडतं ते प्रक्रिया न झालेलं, कच्चं पाणी. पुढची कुठलीही टाकी वाहिली असती तर एवढं वाईट नव्हतं.

टाकी आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद, तीन मीटर खोल. रात्री दहाच्या नोंदीत पातळी २.२ मीटर. दहा चाळीसला लाइट गेली. पाच मिनिटांत जनरेटर लागला, प्लांट सुरू झाला. ईटीपीचा पंप सुरू झाला नाही. यात गूढ काही नाही. साध्या स्टार्टरचं असंच असतं, वीज गेली की कॉन्टॅक्टर सुटतो आणि वीज परत आली तरी कोणीतरी जाऊन हिरवं बटण दाबावं लागतं. प्लांटमधल्या प्रत्येक मशीनपाशी माणूस उभा होता, त्याने बटण दाबलं. ईटीपीवरच्या ऑपरेटरला त्या रात्री बॉयलरवर बसवलं होतं, कारण तिकडचा माणूस लग्नाला गेलेला. (लग्नसराईत कुठल्याही कारखान्याची रात्रपाळी बघा, हेच दिसेल.)

मग हूटर का वाजला नाही? पातळी वर गेली की फ्लोट उचलतो आणि हूटर वाजतो, तशी सोय तिथे आहे. पण तेलाच्या कारखान्यातला फ्लोट हा वेगळाच प्रकार आहे. पाण्यावर जी चरबट साय येते ती त्याच्यावर आणि केबलवर चढत जाते, घट्ट होते, आणि एक दिवस फ्लोट भिंतीला चिकटून बसतो. आम्ही गेलो तेव्हा तो तसाच चिकटलेला होता, बोटभर जाडीचा थर घेऊन. फ्लोट हाताने उचलून हूटर वाजतो का बघायचं, हे काम दर आठवड्याचं आहे. मिनिटभराचं.

आता हिशेब. हा मी मुद्दाम सावकाश मांडतो, कारण उद्या दुसऱ्या कुठल्या गावात असं झालं तर तिथल्या कोणालाही तो करता यावा.

पहिला प्रश्न, टाकीत तासाला किती पाणी येत होतं? ईटीपीच्या शेवटी मीटर असतो. आधीच्या दिवसांच्या नोंदी १९० घनमीटरच्या आसपास आहेत. त्याला २४ ने भागलं की तासाला साधारण ८ घनमीटर, म्हणजे ८,००० लिटर. प्लांट रात्रभर नेहमीसारखा चालला हे जनरेटरच्या आणि नंतरच्या विजेच्या नोंदीवरून दिसतं.

दुसरा प्रश्न, टाकीत जागा किती शिल्लक होती? तीन मीटरमधून २.२ गेले, राहिले ०.८ मीटर. टाकीचं क्षेत्रफळ ४८ चौरस मीटर. गुणाकार ३८ घनमीटर. पंप बंद आणि पाणी तासाला आठ येतंय, म्हणजे टाकी काठोकाठ व्हायला पावणेपाच तास. दहा चाळीसमध्ये ते मिळवा. साडेतीनच्या सुमारास पाणी काठावरून पडायला लागलं.

तिसरा प्रश्न, थांबलं कधी? सात पंचवीसला. सकाळच्या पाळीच्या ऑपरेटरने दोन्ही पंप, राखीव धरून, एकदम लावले आणि पातळी काठाखाली आली. साडेतीन ते सात पंचवीस, जवळजवळ चार तास. चार गुणिले आठ, ३२ घनमीटर. बत्तीस हजार लिटर.

मग कारखान्याचे पाच हजार आले कुठून? मला वाटलं होतं हवेतून घेतले असतील. तसं नाही, त्यामागेही गणित आहे, आणि मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच आहे. वॉचमनने पाणी पाहिलं पावणेसातला. पावणेसात ते सात पंचवीस, चाळीस मिनिटं. तासाला आठ हजारांच्या हिशेबाने पाच हजारांच्या थोडं वर. गणित बरोबर, सुरुवात चुकीची. वॉचमनला दिसलं तेव्हापासून पाणी वाहायला लागलं असं त्यांनी धरलं. अंधारात, बॉयलर हाउसच्या मागे, जिथे एरवीही तेलाचा वास भरलेला असतो, तिथे साडेतीनला कोण बघणार होतं? कोणाला दिसलं नाही म्हणून पाणी वाहिलं नाही असं होत नाही.

आणि हे फक्त रजिस्टरवरून नाही. आमच्या शिवारातले एक आप्पा पहाटे म्हशी घेऊन निघाले होते. सहा वाजता त्यांनी कारखान्यापासून चारशे मीटर खाली नाल्यात पांढरं पाणी पाहिलं आणि मुलाला फोन केला, ‘नालामा साबननं पानी ई ऱ्हायनं’. फोनमध्ये वेळ आहे. पावणेसातला सुरू झालेलं पाणी सहा वाजता चारशे मीटर खाली पोचत नाही.

तरीही बत्तीस हजार हा आकडा मी छातीठोक सांगत नाही. येणारं पाणी रात्री थोडं कमी असू शकतं. म्हणून दुसऱ्या वाटेने तपासलं. टाकीच्या भिंतीचा एक कोपरा बाकीपेक्षा किंचित खाली आहे, बांधकामातच राहिलेला. पाणी सगळ्या काठावरून न पडता तेवढ्या साठ सेंटीमीटर रुंदीतून पडलं. चिकट पाण्याचा एक फायदा, ते आपली खूण सोडून जातं. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना चरबट रेघ होती, भिंतीच्या माथ्यापासून दीड सेंटीमीटर वर. जाड भिंतीवरून पडणाऱ्या पाण्याचं साधं सूत्र आहे: रुंदी गुणिले उंचीचा दीड घात, गुणिले १.७, सगळं मीटरमध्ये. उत्तर सेकंदाला १.९ लिटर येतं, म्हणजे तासाला पावणेसात हजारांच्या आसपास. चार तासांचे सत्तावीस हजार. उंची मोजण्यात दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर यात पाच-सहा हजारांचा फरक पडतो, त्यामुळे एकटं हे माप मी मानलं नसतं. पण दोन वेगळ्या वाटांनी २७ आणि ३२ येत असतील तर ‘पंचवीस ते बत्तीस हजार लिटर’ असं म्हणायला हरकत नाही. सरपंचांनी दुसऱ्या दिवशी दिलेल्या अर्जात हेच लिहिलंय, हिशेबाच्या कागदासकट.

ओल्या नाल्याची लांबी-रुंदी-खोली मोजून आकडा काढायचा मोह सगळ्यांना होतो. आमच्याकडेही दोघांनी टेप लावून तो काढला, बारा हजार आला. पण कोरड्या नाल्यात हे माप नेहमी कमीच येणार, कारण तुम्ही पोचेपर्यंत निम्मं-अधिक पाणी जमिनीत मुरलेलं असतं. सांडलेल्या तीसेक हजारांतून दहा हजार उपसले. उरलेले वीस हजार नाल्याच्या तळात गेले, आणि काळजी त्यांचीच आहे.

‘तीस हजार लिटर म्हणजे काय, सहा टँकर’ असं कोणीतरी कमेंटमध्ये लिहिलंय. बरोबर आहे, नुसत्या पाण्याच्या भाषेत ते फार नाही. पण हे पाणी किती घाण आहे तेही बघा. पाण्यातली घाण मोजायचं एक माप सीओडी. ती घाण रासायनिक रीतीने जाळून टाकायला लिटरमागे किती मिलिग्रॅम ऑक्सिजन लागेल, ते त्यात मोजतात. कारखान्याच्या स्वतःच्या रजिस्टरमध्ये या टाकीतल्या पाण्याचा सीओडी साडेपाच हजारांच्या घरात आहे. प्रक्रियेनंतर नाल्यात सोडायच्या पाण्याला मर्यादा आहे २५० ची. तीस हजार लिटर गुणिले साडेपाच हजार, म्हणजे सुमारे १६५ किलो. हाच कारखाना रोजचं १९० घनमीटर पाणी नियमात बसवून सोडतो तेव्हा मर्यादेच्या काठावर धरलं तरी दिवसाला ४७-४८ किलो होतात. चार तासांत साडेतीन दिवसांचं गेलं. शिवाय नियमातलं पाणी चोवीस तासांत पसरून जातं, हे एका पहाटे गेलं.

उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात लिटरला सात-आठ मिलिग्रॅमच ऑक्सिजन विरघळलेला असतो. त्यासमोर साडेपाच हजार ठेवून बघा. पावसाळ्यात नाला भरून वाहत असता तर यातलं बरंच पातळ झालं असतं. मे महिन्यात पातळ करायला पाणीच नाही. खाली सिमेंट बंधाऱ्यामागे जे डबकं आहे तिथवर हे पोचलं नाही, कारण साडेनऊला जेसीबीने पाचशे मीटरवर मातीचा आडवा बांध घातला. हे श्रेय कारखान्याचं आणि ग्रामपंचायतीचं दोघांचं. बांध अजून तासभर उशिरा पडला असता तर मासे वर आले असते.

नाल्यात मी पीएचची पट्टी बुडवली, ४ च्या आसपास रंग आला. मर्यादा ५.५ ते ९ ची. ही पट्टी कोर्टात चालत नाही, पण म्हशी पाण्यावर न्यायच्या की नाही हे ठरवायला पुरते.

आता कळवण्याचं. कारखान्याने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला अकराच्या सुमारास फोन आणि ईमेल केला, तहसीलला आणि ग्रामपंचायतीला पत्राची प्रत दिली. ग्रुपवर बरेच जण म्हणतायत की हे त्यांनी चांगुलपणाने केलं. चांगुलपणाचा प्रश्न नाही, १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं ३१ वं कलम तेच सांगतं. अपघाताने का होईना, घाण पाणी प्रवाहात, विहिरीत किंवा जमिनीवर गेलं किंवा जायची शक्यता असली, तर त्या जागेची जबाबदारी असलेल्याने ते लगेच मंडळाला कळवायचं. आणि ‘नाला तर कोरडाच होता’ हा बचाव चालत नाही. त्याच कायद्याच्या व्याख्येत, त्या वेळी कोरडा असलेला ओढाही प्रवाहच आहे. ज्याने कोणी ही व्याख्या लिहिली त्याने खानदेशातला उन्हाळा पाहिलेला असावा.

कायदा ‘लगेच’ म्हणतो, आणि इथे सात पंचवीसला कळलेलं अकराला कळवलं गेलं. मॅनेजर म्हणाले, ‘दादा, आधी नक्की किती गेलं ते काढत होतो, अर्धवट माहिती कशी द्यायची?’ त्यांची अडचण खोटी नाही, पण क्रम उलटा झाला. पहिल्या फोनला लिटर लागत नाहीत. कच्चं पाणी, आंबट, तेलकट, अमुक नाल्यात गेलंय, अमुक दिशेने चाललंय, खाली अमुक अंतरावर विहीर आहे, एवढंच लागतं. ग्रामपंचायतीला साडेसातला फोन गेला असता तर पाणीपुरवठ्याच्या विहिरीचा पंप आठच्या आत बंद झाला असता. ती विहीर बांधापासून दीडशे मीटरवर, नाल्याच्या काठाला आहे. प्रत्यक्षात पंप नऊपर्यंत चालला. विहिरीत काही आलं नसावं, एवढ्या लवकर येतही नाही, पण पंप चालू असला की आजूबाजूचं पाणी विहिरीकडे ओढलं जातं.

आकडा नंतर द्यायचा. आणि तो देताना माझं म्हणणं एकच आहे, एक संख्या लिहून मोकळं होऊ नका. कधीपासून कधीपर्यंत वाहिलं, सुरुवातीची वेळ कशावरून काढली, तासाला किती धरलं, किती परत उचललं, हे चार ओळींत लिहा. पाच हजार लिहिणाऱ्याने ‘वॉचमनने पाहिल्यापासून’ असं पुढे लिहिलं असतं तर वाचणाऱ्याने लगेच विचारलं असतं की त्याच्या आधीचं काय. पत्रात नुसता आकडा होता म्हणून कोणी विचारलं नाही. तसंच ‘लाखो लिटर’ लिहिणाऱ्यांनाही सांगतो, पूर्ण टाकीच १४४ घनमीटरची आहे. ती तळापर्यंत रिकामी झाली असती तरी दीड लाखाच्या आत. असा आकडा अर्जात टाकला की समोरचा तो खोडतो आणि त्याबरोबर तुमची खरी तक्रारही खोडली जाते.

मंडळाचे अधिकारी दुसऱ्या दिवशी आले, नमुने घेतले. तेव्हा ‘आम्ही सकाळीच बाटल्या भरून ठेवल्यात, ह्या घ्या’ म्हणून आमची पोरं पुढे झाली आणि अधिकाऱ्यांनी नकार दिला म्हणून चिडली. त्यात त्यांचा दोष नाही. २१ व्या कलमाप्रमाणे नोटीस देऊन, कारखान्याच्या माणसासमोर, सील आणि सही करून घेतलेला नमुनाच पुरावा म्हणून उभा राहतो. आपल्या बाटल्या, त्यापेक्षा वेळ-जागेसह काढलेले फोटो, हे वाया जात नाहीत. कुठे खणून नमुना घ्यावा हे त्यावरून ठरतं, आणि आमच्याकडे तसंच झालं. फोटोत जिथे पाणी साचलेलं दिसत होतं तिथलीच माती घेतली.

गावसभेत मागणी आली ती टाकी मोठी करायची. मी विरोध केला, त्यावर काही जण नाराज आहेत. अर्धा मीटर उंची वाढवली तर २४ घनमीटर जागा वाढते, म्हणजे तीन तास. साडेतीनऐवजी साडेसहाला वाहिली असती, आणि पंप असाच बंद राहिला तर तीन तास काय नि सहा तास काय. टाकी लहान नव्हतीच. पंपाला वीज आल्यावर आपोआप सुरू होणारा स्टार्टर बसवा, दुसरा फ्लोट पहिल्यापासून दूर, वेगळ्या वायरने बसवा आणि त्याचा हूटर ईटीपीवर न वाजता गेटवर वाजू द्या. आणि तो खालचा कोपरा! त्याच्या बरोबर खाली पावसाच्या पाण्याची गटार आहे, ती सरळ नाल्यात जाते. टाकीभोवती गुडघाभर कट्टा घालून आतला उतार पुन्हा टाकीच्या बाजूच्या खड्ड्यात वळवला असता, तर त्या रात्री पंप बंद राहूनही सकाळपर्यंत निदान काही पाणी आवारातच थांबलं असतं. कट्ट्याच्या आत किती मावेल हे जागेवर मोजावं लागेल. तीस घनमीटर मावेलच असं मी म्हणत नाही.

सध्याची स्थिती अशी. नमुन्यांचे अहवाल यायचे आहेत. कारखान्याने सुधारित पत्र देऊ असं तोंडी सांगितलंय, अजून दिलेलं नाही. विहिरीचा पंप बंद आहे, टँकर सुरू आहे. विहिरीत टीसीएल पावडर वाढवून पंप सुरू करा असा एक सूर आहे, त्यांना विनंती, तसं करू नका. टीसीएल जंतूंसाठी आहे. तेल आणि साबणाची घाण पाण्यात असेल तर क्लोरीन तिच्यातच खर्ची पडतो, जंतूंसाठी काही उरत नाही आणि घाण जागेवरच राहते. आधी पाण्याचा अहवाल येऊ द्या.

नाल्याच्या दोन्ही काठांवर बांधाच्या खाली ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनी आपली विहीर नाल्यापासून किती अंतरावर आहे, पंप रोज किती तास चालतो, आणि गेल्या आठवड्यात पाण्याला वास, फेस किंवा तवंग दिसला का, हे कमेंटमध्ये किंवा मेसेजमध्ये कळवा. सोमवारी ती यादी घेऊन ग्रामसेवकांसोबत मंडळाच्या कार्यालयात जाणार आहोत. कपाशीला पाणी सोडायची घाई असलेल्यांनी तोवर शक्य असेल तर दुसऱ्या विहिरीवरून पाणी द्यावं.